एक खटका, एक पान

मी तापट आहे. आमचे हे म्हणतात की माझ्याच डोक्याला एक सेन्सर लावायला हवा, म्हणजे घरातल्यांना आधीच सावध होता येईल. सातपूरला एका शेडच्या माडीवर माझी खोली आहे. तिथे मी वीस वर्षं पॅनल वायर करते आहे, आणि द्राक्षांच्या कोल्डरूमसाठी तापमान दाखवणारे छोटे डबे बनवते. मशीनवर चिडायचं नाही, ते सांगितलं तेवढंच करतं, हे मी शिकायला येणाऱ्या पोरींना नेहमी सांगते. स्वतः मात्र चिडते.

गेल्या वर्षी येवल्याचे एक रंगारी चाचा माझ्याकडे आले. पैठणीचं रेशीम रंगवणारं त्यांचं घर. वडील रंगारी, आजोबा रंगारी. साठीपुढचे, उंच, आणि दोन्ही हातांची नखं कायमची निळी-जांभळी. माझं नाव त्यांना एका इलेक्ट्रिकच्या दुकानातून कळलं होतं. खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "ताई, पाण्याचा गरमपणा आकड्यात दिसेल असं काय तरी करून द्या. मोठा आकडा पायजे."

मी विचारलं, "एवढी वर्षं कसं बघत होतात?"

त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं. "हे बोट बुडवून."

मग त्यांनी मला रेशमाचं गणित समजावलं. रंगाच्या पाण्यात रेशमाच्या धाग्यांची लड सोडायची ती पाणी चाळीसच्या आसपास असताना. त्याहून गरम पाण्यात सोडली तर रंग एकदम झडप घालतो, जिथे आधी लागला तिथे गडद आणि बाकी फिकट, असे पट्टे पडतात. ते मग काही केल्या जात नाहीत. लड सोडल्यावर हळूहळू पंच्याऐंशीपर्यंत चढवायचं आणि तिथे धरून ठेवायचं. उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर रेशमाची चमक जाते. पुढचं सगळं डोळ्यांना दिसतं, वाफेवरून कळतं, पण सुरुवात बोटाची. "बोट चुकलं का लड गेली," ते म्हणाले. "मग आता आकडा कशाला?" असं मी विचारलं, तर "मोठे कारखाने वापरतात, आपण पण वापरावं," एवढंच बोलले. मला ते पटलं. आपलं काम कुणाला हवंसं वाटलं की मला सगळंच पटतं.

डबा साधाच ठरला. स्टीलच्या नळीतला सेन्सर पातेल्याच्या कडेने आत सोडायचा. डब्यावर एक छोटा ओएलईडी पडदा, आगपेटीच्या अर्ध्याएवढा. हा पडदा स्वतःच उजळतो, त्यामुळे अंधाऱ्या, वाफेने भरलेल्या खोलीतही आकडा स्पष्ट दिसतो. बटणं नकोत, कारण ओल्या हाताने बटणं दाबली की चिकटतात. त्याऐवजी एक गोल बोंड, रोटरी एन्कोडर. फिरवलं की खट् खट् करतं, आणि एका खटक्याला पडद्यावरचं एक पान उलटतं. मी चार पानं ठरवली. पहिल्यावर आत्ताचं तापमान. दुसऱ्यावर स्थिती, म्हणजे पाणी तापतंय, स्थिर आहे की निवतंय, आणि सेन्सरची वायर तुटली असेल तर तसं. तिसऱ्यावर लड सोडण्यासाठी ठरवलेलं तापमान, चाळीस. चौथ्यावर लड सोडल्यापासून किती मिनिटं झाली ते. ही मिनिटं बोंड दाबलं की सुरू होणार.

अक्षरं मराठीच हवीत असा माझा हट्ट होता. पडद्याबरोबर मिळतात ती इंग्रजी अक्षरं, म्हणून 'तापतंय' आणि 'निवतंय' हे शब्द मी चौकटीच्या वहीत एकेक ठिपका काळा करून काढले. अनुस्वाराला एक ठिपका पुरत नाही, दिसतच नाही, त्याला चार लागतात. दोन दिवस त्यातच गेले, पण शब्द उजळल्यावर मी खोलीभर एक फेरी मारून आले, इतका आनंद झाला.

आणि मग ते बोंड काही केल्या चालेना. फिरवते आहे, खटका बोटाला लागतो आहे, आणि पडदा पहिल्याच पानावर ढिम्म. मी बोंड बदललं. दुसरंही तसंच. तिसरंही. दुकानदाराला फोन करून मी वाट्टेल ते सुनावलं. चूक माझी होती. या बोंडाच्या आत दोन संपर्क असतात. ते एकापाठोपाठ एक जुळतात आणि सुटतात, त्यांच्यातलं आधी कोण हललं यावरून दिशा कळते. एका खटक्यात असे चार बदल होतात. मी प्रत्येक बदलाला एक पान उलटत होते. पानं चार, बदल चार, म्हणजे प्रत्येक खटक्याला गाडी पूर्ण गोल फिरून पहिल्या पानावर येत होती, आणि पडदा इतक्या घाईने रंगवत नाही, त्यामुळे मधलं काही दिसतच नव्हतं. चार बदलांना एक पान असं केल्यावर सगळं सुतासारखं सरळ झालं. दुकानदाराला पुन्हा फोन करून मी माफी मागितली. तो म्हणाला, "राहू द्या मॅडम, सवय आहे."

डबा बसवायला मी एसटीने येवल्याला गेले. रंगाची खोली घराच्या मागच्या बाजूला, दोन गॅसच्या शेगड्या, दोन मोठी पातेली, भिंतीवर वर्षानुवर्षांचे शिंतोडे. चाचांची लेक मला चहा घेऊन आली. सव्वीस-सत्तावीसची असेल, बी.कॉम. झालेली, बोलायला मोकळी. चाचा बाहेर गेल्यावर मी तिला सहज म्हटलं, आता तू पण शिक, आकडा समोर आहे.

"मी शिकत होते," ती म्हणाली. "वर्षभर. पण माझा हात बसत नाही यात. अब्बा बोट बुडवून म्हणायचे, कोमट आहे, सोड लड. मी बुडवलं की मला चटका बसायचा. मला कोमटच कळत नाही, ताई. मग मी नाद सोडला. एक तारखेपासून साडीच्या शोरूममध्ये कामाला जातेय. अब्बांनंतर हे पातेलं बंद होणार, दुसरं काय."

हे ती अगदी सरळ बोलली. चाचांना मुलगा नाही, ही एकच लेक. तीन पिढ्यांचं काम, आणि पोरीला कोमट कळत नाही म्हणून ते थांबणार. मी चहा प्यायले आणि डबा भिंतीला ठोकला.

आठवड्यानंतर चाचांचा फोन आला. "ताई, ते पान लय पुढं पळतंय. हातात येतच नाय." मग हळूच म्हणाले, "एक लड गेली."

मला आधी स्वतःचाच संशय आला. सेन्सरला तापमान मोजायला पाऊण सेकंद लागतो, आणि तेवढा वेळ प्रोग्रॅम थांबून राहिला तर बोंडाचे खटके हुकतात. पण ती चूक मी आधीच टाळली होती. सेन्सरला विचारायचं, तोवर बोंडाकडे बघायचं, आणि उत्तर तयार झालं की घ्यायचं. शिवाय खटके हुकले असते तर पान मागे राहिलं असतं, पुढे पळालं नसतं. म्हणजे माझं काही चुकलेलं नाही, हे बोंड धसमुसळेपणाने फिरवतात, असं मी ठरवून टाकलं, लॅपटॉप घेऊन तणतणत येवल्याची एसटी पकडली आणि निफाडपर्यंत मनातल्या मनात भांडत गेले.

खराब झालेली लड दोरीवर वाळत होती. अंजिरी रंग, आणि त्यात मधेमधे काळसर पट्टे. बघवत नव्हती. लेक घरात नव्हती, रंगवलेल्या लडी विणकराकडे पोचवायला गेली होती. मी चाचांना म्हटलं, नेमकं काय झालं ते करून दाखवा.

रंगाचं पाणी तापायला ठेवलं होतं. पहिल्या पानावर तीस दिसत होतं. तापतंय की नाही ते बघायला चाचांनी बोंड धरलं आणि फिरवलं. एक खटका फिरवायचं ते सरळ अर्धा फेरा. पडद्यावर आलं चाळीस. "हे बघा, चाळीस आलं," ते म्हणाले. "त्या दिवशी असंच चाळीस बघून मी लड सोडली. मागनं बघितलं तर पाणी होतं अठ्ठावन्न."

मला लगेच उलगडा झाला. एका पूर्ण फेऱ्यात वीस खटके असतात. अर्धा फेरा म्हणजे दहा. चार पानांचे दोन वेढे होऊन वर दोन, म्हणजे तिसरं पान. तिसऱ्या पानावर ठरवलेलं तापमान, तिथे कायम चाळीसच दिसणार, पाणी उकळलं तरी. आणि ते पान मी पहिल्यासारखंच मोठ्या आकड्यात काढलं होतं, वर फक्त बारीक अक्षरात 'ठरलेले'. ती चूक माझी, मी कबूल केली. पण अर्धा फेरा का?

"चाचा, एक खटका, एक पान. किती वेळा सांगितलं तुम्हाला."

"एकच फिरवला की ताई."

"एक? दहा फिरवलेत."

ते पुन्हा म्हणाले, एकच. मग माझं डोकं सटकलं. मी लॅपटॉप डब्याला जोडला. लॅपटॉपच्या पडद्यावर बोंडाचा प्रत्येक खटका आकड्यात मोजला जात होता. शाळेतल्या बाईसारखी मी त्यांना म्हणाले, "डोळे मिटा. तीन खटके फिरवा आणि तीन झाले की थांबा. बघूच आता."

त्यांनी डोळे मिटले. बोंड धरलं. हळू, फार हळू फिरवलं, ओठ हलत होते. "झाले," ते म्हणाले. "तीन."

लॅपटॉपवर अकरा होते.

मी आकडा वाचून दाखवला नाही. त्यांनी डोळे उघडून स्वतःच पाहिला. मग ते पातेल्याशेजारच्या पाटावर बसले आणि हात मांडीवर ठेवून म्हणाले, "ताई, मला खटका लागतच नाय."

त्यांना साखरेचा आजार होता, बरीच वर्षं. आधी पायांना मुंग्या आल्या, मग हातांना. मग मुंग्याही गेल्या आणि काहीच उरलं नाही. दोन वर्षं झाली. सुईसुद्धा टोचलेली कळत नव्हती. तेव्हापासून नुसत्या अंदाजाने लड सोडत होते, मधूनमधून एखादी जायची, त्याचा दोष रंगाला द्यायचे. डॉक्टरांकडे गोळ्यांसाठी जायचे, पण बोटांचं बोलले नव्हते. घरात नाही, विणकरांजवळ नाही. "लोक माझ्या बोटावर रेशीम सोपवतात," ते म्हणाले. "बोट गेलं हे कळलं, तर उद्या दारात कोण येईल? म्हणून तुमच्याकडे आलो. म्हटलं, आकडा बघीन, बोट नुसतं बुडवल्यासारखं करीन."

मला माझी लाज वाटली. डोळे मिटा म्हणे. वीस वर्षं मी बोंडं बसवते आहे. खटका बोटाला कळावा म्हणूनच तो असतो, आणि ज्याच्या बोटाला तो कळत नाही त्याने काय करावं, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. "चाचा, चुकलं माझं," मी म्हटलं, शेगडी बंद केली आणि तिथेच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले.

तीन गोष्टी केल्या. पहिली, बोंड कितीही फिरवलं तरी एका झटक्यात एकच पान. हात थांबून पाव सेकंद झाल्याशिवाय दुसरं पान नाही. दुसरी गोष्ट पडद्याची. पहिलं पान सोडून बाकी तिन्हींचे रंग उलटे केले, उजळ पडद्यावर काळी अक्षरं, म्हणजे लांबूनही गफलत होणार नाही. आणि कुठलंही पान असलं तरी दहा सेकंदांत पडदा आपोआप पहिल्या पानावर परत. तिसरी गोष्ट आवाजाची. माझ्या पिशवीत एक छोटा बझर होता, तो मी डब्यात बसवला. पहिल्या पानाला एक टिक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार. बोटाला कळत नसेल तर कानाला कळेल.

चाचांनी शेगडी पुन्हा पेटवली आणि डबा वापरून बघितला. बाकी सगळं त्यांना आवडलं. अर्धा फेरा फिरवला, एकच पान उलटलं, तेव्हा ते हसले. आवाजाला मात्र नाही म्हणाले. "टिकटिक ऐकून पोरगी विचारील, हे कशाला. मग काय सांगू?"

"खरं सांगा."

"तुम्हाला सोपं हाय."

मला सोपं नव्हतं. त्यांच्या लेकीचं चहा देतानाचं बोलणं मला आठवत होतं, आणि ते आता माझ्या डोक्यात नीट जुळत होतं. अब्बा म्हणायचे कोमट, आणि तिला चटका बसायचा. मी म्हटलं, "चाचा, तुम्ही दोन वर्षं ज्याला कोमट म्हणत होतात, ते कोमट होतं का?"

त्यांनी नकळत बोंड फिरवलं, दोनदा टिक वाजलं. हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं, शप्पथ. ते स्वतःचं झाकण्यात इतके गुंतले होते की शेजारी उभ्या असलेल्या पोरीने त्यांचं बोट प्रमाण मानलं आणि आपलं खोटं ठरवलं, हे त्यांना दिसलंच नाही. शोरूमची नोकरी तिला आवडते म्हणून ती चालली आहे, अशीच त्यांची समजूत होती.

तेवढ्यात ती आली. ओढणीने घाम पुसत दारातच उभी राहिली, कारण नेमकं त्याच वेळी पडदा आपोआप पहिल्या पानावर आला आणि बझर एकदा वाजला.

"हे काय वाजलं?"

मी तोंड उघडलं नाही. मला ते फार जड गेलं, कारण गप्प बसणं हा माझा गुण नाही. चाचांनी शेगडीची आच कमी केली, पुन्हा वाढवली, पुन्हा कमी केली.

"माझ्या बोटांना कळत नाय, बेटा," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. गरम नाय, गार नाय, काहीच नाय. म्हणून ते वाजतं."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, भडकली. "दोन वर्षं? आणि वर्षभर मला म्हणत होता, तुझ्या हाताला सवय नाही? मी भाजलेलं बोट पाण्याखाली धरून म्हणत होते की मलाच काही येत नाही." तिने हातातली पिशवी खाली आपटली. "आणि डॉक्टरांना पण नाही सांगितलं?"

"नाय सांगितलं."

"उद्या जायचं. मी येणार बरोबर."

"जाऊ," चाचा म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाला एवढं लहान होऊन 'जाऊ' म्हणताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पाणी तापत होतं. मग चाचा उठले, डब्यापाशी गेले आणि पडद्यावर तळहात ठेवून आकडा झाकला. दुसऱ्या हाताने त्यांनी तिला पातेल्याकडे खूण केली. "बुडव."

"अब्बा, आता कशाला?"

"बुडव. आणि मला सांग, कसं लागतंय."

ती पुढे झाली, पहिलं बोट पाण्यात घातलं आणि लगेच बाहेर काढलं नाही. आत ठेवून डोळे बारीक केले. अंघोळीच्या पाण्यापेक्षा जरासंच जास्त, ती म्हणाली. बोट ठेवता येतं, पण ठेवावंसं वाटत नाही. मग घाबरत म्हणाली, "बेचाळीस असेल."

चाचांनी हात काढला. पडद्यावर एकेचाळीस पूर्णांक आठ होतं.

ती आकड्याकडे बघत होती, चाचा तिच्या बोटाकडे. त्यांनी तिचा ओला हात स्वतःच्या हातात घेतला. तो गरम आहे की गार, हे त्यांना कळणार नव्हतं.

"तुझं बोट बरोबर होतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. सोड लड."